तिसरं मूळ गेलं कुठं? खालच्या ओळीतल्या चिन्हांवरून बहुपदीची हद्द ओळखणं

माझा भाचा कोल्हापुरात डिप्लोमाला आहे. मागच्या महिन्यात त्याला वर्कशॉपचं एक काम मिळालं. तीस बाय वीस सेंटीमीटरचा पत्रा घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, कडा वर दुमडायच्या आणि बरोबर एक लिटर मावेल असा ट्रे करायचा. कोपऱ्याचा चौकोन केवढा कापायचा, हे आधी कागदावर काढून आणायचं होतं.

चौकोनाची बाजू x धरली की ट्रेची लांबी ३० − २x, रुंदी २० − २x आणि खोली x. तिघांचा गुणाकार १००० घन सेंटीमीटर व्हायला हवा. कंस सोडवून चारानं भागलं की हे उरतं:

```
x³ − २५x² + १५०x − २५० = ०
```

पोरानं फोनवरच्या आलेखाच्या ॲपमध्ये समीकरण टाकलं. पडद्यावर उणे दहा ते दहा एवढा पट्टा होता. रेघ खालून आली, तीनच्या जरा अलीकडे आडवा अक्ष ओलांडून वर गेली, पाचाला परत खाली उतरली आणि पडद्याबाहेर गेली. "मामा, दोनच हाईत की," तो म्हणाला. "घात तीन म्हणजे मुळं तीन असतात म्हणं, मग तिसरं गेलं कुठं?"

दोन वास्तव मुळं मिळाली आणि ती वेगवेगळी असली, की घात तीनच्या समीकरणाला तिसरंही वास्तव मूळ असावंच लागतं (आलेख एखाद्या ठिकाणी अक्षाला नुसता टेकून परत फिरला तर तेच मूळ दोनदा मोजायचं, पण इथं तसं नाही). तर मग ते शोधायचं कुठवर? वीसपर्यंत? शंभरपर्यंत? की उणे हजाराकडे? नववीत शिकलेल्या भागाकारात या प्रश्नाचं उत्तर दडलेलं असतं, आणि ते बाकीत नसून चिन्हांत असतं.

## पत्र्याला कड असते, बहुपदीला नसते

आम्ही उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे पत्रा आणायला गेलो तेव्हा त्यांनी समीकरण न बघताच एक हद्द सांगून टाकली. "पत्रा वीसचा. दोन्हीकडनं धा-धा कापलं की संपलंच. धाच्या पुढं कापून हातात काय ऱ्हाणार?" म्हणजे x दहाच्या आतच. ही हद्द पत्र्यानं घालून दिलेली.

समीकरणाला मात्र पत्रा ठाऊक नाही. त्याच्याकडे फक्त चार आकडे आहेत: १, −२५, १५०, −२५०. हे त्याचे सहगुणक, म्हणजे x च्या प्रत्येक घाताला गुणणारे आकडे. ज्या x ला बहुपदीची किंमत शून्य होते, ते तिचं मूळ. आता या चार आकड्यांवरूनच "याच्या पुढं एकही मूळ नाही" आणि "याच्या खाली एकही मूळ नाही" असं छातीठोकपणे सांगायचं आहे. पहिलीला वरची सीमा म्हणू, दुसरीला खालची.

हत्यार जुनंच आहे. संश्लेषक भागाकार. इटलीच्या रुफिनीनं ही रीत १८०४ मध्ये मांडली, १८१९ मध्ये इंग्लंडच्या हॉर्नरनं. रीत आठवत नसेल तर पाच घेऊन एकदा करू. सहगुणक ओळीनं लिहायचे. पहिला १ तसाच खाली उतरवायचा. त्याला पाचानं गुणून पुढच्यात मिळवायचं: −२५ + ५ = −२०. −२० ला पाचानं गुणून पुढच्यात: १५० − १०० = ५०. पन्नासाला पाचानं गुणून पुढच्यात: −२५० + २५० = ०. खालची ओळ झाली १, −२०, ५०, ०. शेवटचा आकडा ही बाकी, आणि तीच x = ५ ला बहुपदीची किंमत. बाकी शून्य, म्हणून पाच हे मूळ. बाकीचे आकडे म्हणजे भागाकार, x² − २०x + ५०.

बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात आणि ओळ खोडून टाकतात. आपल्याला ती सगळी ओळ हवी आहे.

## पंचवीसला काय होतं

आता पाचाच्या जागी २५ घेऊ.

```
२५ |  १   −२५   १५०   −२५०
   |       २५     ०    ३७५०
   --------------------------
      १     ०   १५०    ३५००
```

खालच्या ओळीत एकही उणे आकडा नाही. नियम एवढाच: पहिला सहगुणक धन असेल, ज्यानं भागलं तो आकडाही धन असेल आणि खालच्या ओळीत एकही ऋण आकडा नसेल (शून्य चालतं), तर त्या आकड्यापेक्षा मोठं एकही वास्तव मूळ नाही. म्हणजे २५ च्या पलीकडे शोधायची गरज नाही. २६ नाही, २६०० नाही, काहीच नाही.

एका भागाकारावरून अख्ख्या अनंत पट्ट्यावर काट मारायची, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. भाच्यालाही पटलं नाही.

## पण चिन्हांवरून एवढं कसं कळतं?

भागाकार झाला म्हणजे बहुपदी नव्या तऱ्हेनं लिहिली गेली. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. इथं ते असं:

```
(x − २५)(x² + ०·x + १५०) + ३५००
```

समजा x पंचविसापेक्षा मोठा आहे. पहिला कंस धन, कारण x − २५ धन. दुसऱ्या कंसात x² धन, मधलं पद शून्य, १५० धन, म्हणजे सगळा कंस धन. धनाला धनानं गुणलं, धन. वर ३५०० ची भर. बेरीज शून्य होणारच कशी?

दुकानाच्या वहीसारखं बघा. मूळ बहुपदीत जमाही आहे आणि खर्चही: x³ जमा, २५x² खर्च, १५०x जमा, २५० खर्च. वही अशी मिसळलेली असली की शिल्लक कुठं शून्य होईल हे नजरेनं कळत नाही. पंचविसानं भागून आपण तीच वही पुन्हा मांडली, आणि या मांडणीत २५ च्या पुढच्या प्रत्येक x साठी खर्चाचा रकाना मोकळा झाला. ज्या वहीत फक्त जमा आहे तिची शिल्लक शून्य होत नाही.

या युक्तिवादात x धन आहे हे आपण गृहीत धरलं, आणि ते विसरलं की घात होतो. उणे आकड्यानं भागून खालची ओळ सगळी धन आली तर तिचा काही उपयोग नाही. x² + ४x + ३ ला −३ नं भागून बघा. ओळ येते १, १, ०. एकही ऋण आकडा नाही. म्हणून −३ ही वरची सीमा म्हणायची का? या बहुपदीची मुळं −३ आणि −१ आहेत, आणि −१ तर −३ पेक्षा मोठं आहे. भागाकार x + १ दिसायला धन, पण x = −१ ला तोच शून्य होतो. जमेचा रकाना x ऋण झाला की जमेचा राहत नाही.

## खालच्या बाजूला चिन्हं आलटून पालटून

उणे बाजूची हद्द काढताना मग वेगळी खूण लागते. ऋण आकड्यानं भागायचं आणि खालच्या ओळीत चिन्हं एकाआड एक येतात का ते बघायचं: अधिक, उणे, अधिक, उणे. आली, तर त्या आकड्याच्या खाली एकही वास्तव मूळ नाही.

ट्रेचं समीकरण इथं फारच सरळ आहे. त्याचे सहगुणक आधीच एकाआड एक आहेत, म्हणून शून्यानं भागलं (ओळ जशीच्या तशी खाली येते) तरी खूण पटते आणि शून्याच्या खाली काही नाही हे कळून जातं. म्हणून जरा झगडणारं उदाहरण घेऊ. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये असलं एक गणित हमखास असतं:

```
x⁴ − २x³ − १३x² + १४x + २४ = ०
```

स्थिरपद २४ आणि पहिला सहगुणक १, म्हणून पूर्णांक मूळ असलंच तर ते २४ चा विभाजक असणार. १, २, ३, ४, ६, ८, १२, २४ आणि त्यांचे उणे जोडीदार मिळून सोळा उमेदवार. कॅल्क्युलेटर नसताना सोळा भागाकार करत बसायची कुणाचीच इच्छा नसते. आधी −४ नं भागू:

```
−४ |  १   −२   −१३    १४    २४
   |      −४    २४   −४४   १२०
   ----------------------------
      १   −६    ११   −३०   १४४
```

अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक. म्हणजे −४ च्या खाली काही नाही, आणि बाकी १४४ असल्यानं −४ स्वतःही मूळ नाही. −४, −६, −८, −१२, −२४ हे पाच उमेदवार एका भागाकारात गेले. तसंच ५ नं भागलं तर ओळ १, ३, २, २४, १४४ येते. सगळी धन. ६, ८, १२, २४ गेले. पाच स्वतः उमेदवार नव्हताच. हद्द आखायला घेतलेला आकडा उमेदवारच असावा असं काही नाही. सोळाचे सात उरले, आणि त्यांतून −३, −१, २, ४ ही चारही मुळं सापडतात.

एकाआड एक चिन्हांचं कारणही वहीतूनच समजतं. −४ नं भागल्यावरचा भागाकार x³ − ६x² + ११x − ३०. x ऋण असला की x³ ऋण, −६x² ऋण, ११x ऋण, −३० तर ऋणच. विषम घाताला x स्वतः उणे आणतो, सम घाताला सहगुणक आणतो, आणि चारही पदं एकाच बाजूला येऊन बसतात. x हा −४ च्या खाली असेल तर x + ४ सुद्धा ऋण. ऋण गुणिले ऋण धन, वर १४४ धन. पुन्हा एकच रकाना भरलेला.

शून्य मध्ये आलं तर? ते अधिकही मानता येतं आणि उणेही, पण आपल्या जागेला जे चिन्ह हवं तेच मानायचं. हा मुद्दा पुस्तकं एका वाक्यात उरकतात आणि पोरं तिथंच फसतात. x² + ३x + २ ला −३ नं भागलं की ओळ १, ०, २. शून्य उण्याच्या जागी आहे, शेजारी दोन्हीकडे अधिक, खूण पटली. मुळं −१ आणि −२, म्हणजे −३ च्या खाली खरंच काही नाही. आता फक्त स्थिरपद बदलून x² + ३x − २ घ्या. ओळ १, ०, −२. "अधिक, मग उणे, मध्ये शून्य, चालतंय की" असं वाटतं. चालत नाही. शून्य दुसऱ्या जागी आहे, म्हणून उणे मानावं लागतं, आणि तिसऱ्या जागी अधिक हवं होतं, तिथं उणे आहे. या बहुपदीचं एक मूळ साधारण −३.५६ आहे, −३ च्या खाली.

## खूण पटली नाही म्हणजे पलीकडे मूळ आहेच का?

नाही. या रीतीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

ट्रेकडे परत येऊ. पाच हे मूळ काढून घेतल्यावर x² − २०x + ५० उरतं. त्याची मुळं १० ± √५०, म्हणजे साधारण २.९३ आणि १७.०७. तिसरं मूळ सापडलं. सगळ्यात मोठं मूळ १७.०७, तर १८ ही खरी वरची सीमा असायला हवी. १८ नं भागू:

```
१८ |  १   −२५   १५०   −२५०
   |       १८  −१२६    ४३२
   --------------------------
      १    −७    २४    १८२
```

मध्ये −७ आहे. खूण पटली नाही, तरी १८ च्या पुढं एकही मूळ नाही. रीत खोटी बोलली का? तिनं काहीच सांगितलेलं नाही. खर्चाचा रकाना भरलेला आहे एवढंच ती म्हणाली. खर्च जमेपेक्षा जास्त होईल असं ती म्हणालेली नाही. खूण पटली तर खात्री, न पटली तर मौन.

हे मौन २४ पर्यंत टिकतं (ओळ १, −१, १२६, २७७४) आणि २५ ला सुटतं. पंचवीसच का? खालच्या ओळीतला दुसरा आकडा बघा: तो नेहमी "भागणारा आकडा उणे २५" असतो. तो ऋण राहू नये तर आकडा २५ किंवा जास्त हवाच. आणि हे २५ म्हणजे तिन्ही मुळांची बेरीज: २.९३ + ५ + १७.०७. म्हणून पहिला सहगुणक १ असताना ही खूण मुळांच्या बेरजेच्या खाली कधीच पटत नाही. मुळं सगळी धन असतील तर बेरीज सगळ्यात मोठ्या मुळापेक्षा मोठीच, आणि मिळणारी हद्द ढिली. क्लासच्या गणितात मुळं दोन्ही बाजूंना होती, बेरीज फक्त २ होती, म्हणून तिथं हद्द ५ इतकी जवळ आली.

ढिली हद्द आवळायचीच असेल तर त्याच आकड्यानं भागत राहायचं. १८ च्या ओळीतली बाकी १८२ बाजूला ठेवा. भागाकार १, −७, २४ ला पुन्हा १८ नं भागा: १, ११, २२२. आता २२२ बाजूला ठेवा. उरलेल्या १, ११ ला पुन्हा: १, २९. बाजूला ठेवलेले आकडे उलट्या क्रमानं लिहिले की १, २९, २२२, १८२. ही तीच बहुपदी आहे, पण शून्य उचलून १८ वर ठेवलंय:

```
x = १८ + y
y³ + २९y² + २२२y + १८२
```

y धन असताना इथं फक्त जमा आहे, म्हणून १८ च्या पुढं मूळ नाही. आता ते सिद्ध झालं. बाजूला ठेवलेले आकडे म्हणजे १८ या ठिकाणची बहुपदीची किंमत आणि, लहानशा भाजकांचा फरक सोडला तर, तिचे विकलज. ते सगळे धन असले की तो आकडा वरची सीमा, हा निकष न्यूटनचा. दोन भागाकार जास्त लागतात, पण हद्द पंचविसावरून अठरावर येते. १७ ला बाकी −१२ आणि १८ ला १८२, म्हणजे मूळ या दोघांच्या मध्येच अडकलं.

मला विचाराल तर परीक्षेत पहिलीच खूण पुरते. जिथं एखादं मूळ खरोखर दशांशात काढायचं आहे तिथं दुसरी.

## हाताखाली चुकतं ते कुठं

एक, गाळलेलं पद. x⁴ − ५x + १ मध्ये x³ आणि x² दिसत नाहीत, पण ओळीत त्यांची शून्यं मांडावीच लागतात: १, ०, ०, −५, १. शून्यं विसरली की तुम्ही भलत्याच बहुपदीची हद्द काढता आणि ओळीकडे बघून चूक कळतही नाही. पडताळा सोपा आहे: आकडे घातापेक्षा एकानं जास्त हवेत.

दुसरं, पहिला सहगुणक ऋण असणं. अशा वेळी आधी सगळी बहुपदी −१ नं गुणून घ्यायची. मुळं बदलत नाहीत, कारण शून्याला उणे एकानं गुणलं तरी शून्यच.

## आलेख काढणारं ॲप असताना हे कशाला?

भाच्याचा शेवटचा प्रश्न हाच होता, आणि रास्त होता. पण ॲपनं त्याला खोटं काही दाखवलं नव्हतं. त्यानं उणे दहा ते दहा एवढंच दाखवलं होतं, आणि चौकट किती मोठी करायची हे ॲपला कुणी सांगितलं नव्हतं. पाचाच्या पुढं आलेख खोल जातो. साडेबाराच्या आसपास तो −३२९ पर्यंत उतरतो आणि मग वर वळतो. दहावर थांबलं तर तो खाली जाऊन परत येणारच नाही असं वाटतं.

आम्ही आडवा अक्ष शून्य ते पंचवीस केला, उभा −३५० ते १००. रेघ खाली गेली, वळली आणि सतराच्या जरा पुढं अक्षावर आली. आता पडद्याबाहेर काही राहिलं नव्हतं, आणि हे पडदा सांगत नव्हता, खालच्या ओळी सांगत होत्या.

पोरानं १७.०७ घालून ट्रेची मापं काढली. लांबी −४.१४, रुंदी −१४.१४, खोली १७.०७. दोन उण्यांचा गुणाकार अधिक, आणि गुणाकार बरोबर एक लिटर. समीकरणाच्या दृष्टीनं ट्रे तयार. तो बराच वेळ हसत होता.

मिस्त्रींना आम्ही फक्त दोन मापं सांगितली, पाच आणि दोन पूर्णांक त्र्याण्णव शतांश. त्यांनी दुसरं ऐकूनही घेतलं नाही, पट्टी लावली आणि पाचावर रेघ ओढली.